डोकं ऑफला पडतंय, पण कोणत्या फ्रेमपासून?

तक्रार ओळखीची होती. उजव्या हाताचा फलंदाज, मधल्या आणि लेग स्टंपवरचे पुढे पडलेले सरळ चेंडू चुकतात, पायचीत होतो, आणि ऑन ड्राइव्ह मारायला गेला की तोल ऑफ साइडला जातो. नेटमध्ये उभं राहून पाहणाऱ्या प्रत्येकाला दोष दिसत होता आणि प्रत्येकजण सांगतही होता, "डोकं सरळ ठेव." त्याला ते जमत नव्हतं. म्हणून स्लो मोशनचं विश्लेषण करायचं ठरलं: दोन फोन, दोन ट्रायपॉड, पांढऱ्या टेपचं एक बंडल आणि खडू.

फोन समोरून, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाकडून लावावा असं सगळ्यांना आधी वाटतं. फोनच्या बाबतीत ते जमत नाही. सेकंदाला 240 फ्रेम बहुतेक फोनवर मुख्य लेन्सनेच घेता येतात, आणि त्या लेन्समधून 20 मीटरवरचा माणूस 1080 उंचीच्या चित्रात जेमतेम सव्वाशे-दीडशे पिक्सेल भरतो. हेल्मेट वाटाण्याएवढं दिसतं. त्यावर रेघ काढली तर रेघेची जाडीच डोक्याच्या हालचालीएवढी होते. डिजिटल झूम केलं की तेवढेच पिक्सेल फुगवून दिसतात, तपशील काही वाढत नाही. म्हणून एक फोन फलंदाजाच्या पाठीमागे, यष्टीरक्षकाच्या जागी, मागच्या जाळीबाहेर ठेवला. स्टंपपासून 4 मीटर मागे, जमिनीपासून साधारण 1.4 मीटर उंच. इथून माणूस मोठा दिसतो, आणि त्याच चित्रात समोर गोलंदाजाचा हात आणि चेंडू सुटण्याचा क्षणही मिळतो. लेन्स जाळीच्या एका चौकोनाला अगदी चिकटवली आणि फोकस फलंदाजावर बांधून टाकला. नाहीतर फोन दर दोन चेंडूंनी जाळीच्या दोऱ्यावरच फोकस करत बसतो.

दुसरा फोन ऑफ साइडला, पॉपिंग क्रीजच्या रेषेत, शेजारच्या नेटमध्ये 6 मीटरवर.

30 फ्रेमच्या नेहमीच्या व्हिडिओवर हे काम होत नाही, यामागचं गणित सोपं आहे. ताशी 105 किलोमीटरचा चेंडू सेकंदाला 29 मीटर जातो. 30 फ्रेममध्ये दोन चित्रांच्या मधे तो जवळजवळ एक मीटर पुढे सरकलेला असतो. 240 मध्ये हेच अंतर 12 सेंटीमीटरवर येतं. तरीही बॅटला चेंडू लागतो तो नेमका क्षण हाती येईल याची खात्री नसते, कारण तो संपर्क सुमारे एक मिलिसेकंदाचा आणि दोन फ्रेममधलं अंतर चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. एका फ्रेममध्ये चेंडू बॅटच्या अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये परत निघालेला, असंच बहुतेक वेळा मिळतं. या दोहोंतली आधीची फ्रेम आम्ही संपर्काची धरतो, आणि सगळ्या चेंडूंना तीच धरतो.

स्क्रीनवर रेघा काढण्याआधी त्या जमिनीवर काढाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. मधल्या स्टंपच्या पायथ्यापासून समोरच्या मधल्या स्टंपच्या दिशेने दोरी ताणून खडूची एक सरळ रेघ पॉपिंग क्रीजच्या पुढे मीटरभर नेली. ऑफ स्टंपच्या बाहेरच्या कडेपासून तिला समांतर दुसरी. ऑफ आणि लेग स्टंप काढून ठेवले आणि मधला तेवढा राहू दिला, कारण मागून पाहताना तिन्ही स्टंप फलंदाजाचे पाय झाकतात. मग एक जादा स्टंप पॉपिंग क्रीजवर उभा धरून दोन सेकंदांचं चित्रण केलं. ही आमची मोजपट्टी. जमिनीपासून वर 71 सेंटीमीटर, चित्रात साधारण 200 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साडेतीन मिलिमीटर. खऱ्या यष्टीवरून माप घेऊ नये. ती फलंदाजापेक्षा कॅमेऱ्याला सव्वा मीटर जवळ असते, त्यामुळे मोठी दिसते आणि सगळी मापं खऱ्यापेक्षा कमी येतात. हेल्मेटच्या मागे बरोबर मध्यावर पांढऱ्या टेपचा बोटभर तुकडा लावला, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये डोक्याचा तोच बिंदू धरता येईल. "सर, हे काढायचं नाही का?" असं त्याने दोनदा विचारलं. काढायचं नाही. हा तुकडा नसेल तर एका फ्रेममध्ये आपण हेल्मेटचा मध्य अंदाजाने एकीकडे धरतो आणि पुढच्या फ्रेममध्ये दुसरीकडे.

पहिल्या दिवसाचं चित्रण टाकून द्यावं लागलं. मागच्या जाळीचा खांब मध्ये येत होता, म्हणून फोन ऑफ साइडला सुमारे अर्धा मीटर सरकवला होता. घरी फ्रेम गोठवून मधल्या स्टंपवरून उभी रेघ ओढली तर डोकं स्टान्समध्येच, चेंडू सुटायच्या आधीच, ऑफ स्टंपच्या बाहेर! हे अशक्य होतं. मुलगा मिडल गार्ड घेऊन व्यवस्थित उभा होता.

गडबड भूमितीची होती. कॅमेऱ्यापासून स्टंप 4 मीटरवर, डोकं साधारण 5.7 मीटरवर. कॅमेरा मधल्या रेषेपासून 50 सेंटीमीटर ऑफला असेल, तर कॅमेऱ्यातून निघून स्टंपला स्पर्शून जाणारी नजर डोक्याच्या अंतरावर पोहोचेपर्यंत 21 सेंटीमीटर लेगला गेलेली असते. त्यामुळे अगदी मधल्या स्टंपच्या रेषेत असलेलं डोकं चित्रात 21 सेंटीमीटर ऑफला दिसतं. तिन्ही स्टंपांची मिळून रुंदीच 22.86 सेंटीमीटर आहे. म्हणजे नसलेला दोष दाखवायला एवढी चूक पुरेशी आहे, आणि असलेला दोष झाकायलाही, कॅमेरा लेगला सरकला असेल तर. स्क्रीनवरची रेघ मात्र दोन्ही वेळा तितकीच सरळ आणि ठाम दिसते.

ही चूक ओळखायची खूण खडूच्या रेघेत आहे. कॅमेरा बरोबर मधल्या रेषेत असेल तर जमिनीवरची मधली रेघ चित्रात ताठ उभी दिसते, स्टंपचाच पाय पुढे वाढवल्यासारखी. तो बाजूला असेल तर ती तिरकी पळते. स्टंप उभा आणि रेघ तिरकी असेल तर कॅमेरा रेषेत नाही. स्टंप आणि रेघ दोन्ही एकाच बाजूला कललेले असतील तर फोनच ट्रायपॉडवर तिरका बसला आहे. तीन अंशांचा तिरकेपणा डोळ्याला जाणवत नाही, पण 1.6 मीटर उंचीवरचं डोकं पायांच्या तुलनेत 8 सेंटीमीटर सरकवून दाखवतो. स्टंप चित्राच्या मध्याजवळ ठेवून ही तपासणी करायची, कारण कडेला लेन्स स्वतःच उभ्या रेषा वाकवते. बाजूच्या फोनलाही हीच कसोटी: तिथे पॉपिंग क्रीजची रेघ ताठ उभी दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी फोन खांबाच्या पलीकडे न नेता खांबालाच क्लॅम्पने आडवा दांडा बांधून रेषेत आणला, आणि दोन्ही रेघा जुळल्यावरच पहिला चेंडू टाकायला सांगितला.

दोन गोलंदाजांकडून 24 चेंडू घेतले. थ्रोडाऊनवर हे केलं नाही, कारण फलंदाजाची सुरुवातीची हालचाल गोलंदाजाच्या उडीशी आणि हाताशी बांधलेली असते आणि थ्रोडाऊनमध्ये ती बऱ्याचदा वेगळीच होते. पुढे काय सापडलं ते पाहिलं तर हा निर्णय नशिबाने बरोबर ठरला असंच म्हणावं लागेल. प्रत्येक गोलंदाजाच्या पहिल्या चेंडूआधी फलंदाजाने बॅट एकदा जमिनीवर आपटली. दोन्ही फोनमधल्या त्या आपटण्याच्या फ्रेमवरून दोन्ही व्हिडिओ जुळवले.

फाइल कशी हलवता यावर बरंच अवलंबून असतं. मेसेजिंग ॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि 240 च्या बहुतेक वेळा 30 फ्रेम होऊन येते. बघायला ठीक दिसते, फक्त प्रत्येक आठ फ्रेममधल्या सात गायब असतात. केबलने किंवा डॉक्युमेंट म्हणूनच न्यायची. शिवाय काही फोन फाइल 240 म्हणूनच ठेवतात, तर काही आधीच संथ करून 30 च्या वेगाने साठवतात. त्यामुळे सॉफ्टवेअर दाखवतं ती वेळ आठपट चुकू शकते. सुरुवातीला चालू स्टॉपवॉचचं पाच सेकंद चित्रण करून ठेवलं की दोन आकड्यांमधल्या फ्रेम मोजून खरं काय ते कळतं. आमची फाइल खरी 240 ची होती. ती आठपट संथ अशी केली:

```
ffmpeg -i mage.mov -vf "setpts=8*PTS" -r 30 -an mage_slow.mp4
```

यात एकही फ्रेम नवी तयार होत नाही की गाळली जात नाही. व्हिडिओ एडिटरमधल्या 'स्मूथ स्लो मोशन'पासून मात्र लांब राहावं. तो मधल्या फ्रेम स्वतः कल्पून भरतो, आणि बॅटच्या खाली येण्याच्या वेळी अशा दोन-तीन बॅटी दिसतात ज्या कधी नव्हत्याच. गोठवायला नेमकी तीच फ्रेम निवडली तर आपण संगणकाच्या अंदाजावर रेघ काढत बसतो. रेघा, कोन आणि फ्रेम मोजणीसाठी किनोव्हिआ हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. एकेक फ्रेम पुढे-मागे करता येणं आणि दोन व्हिडिओ शेजारी चालवता येणं, एवढं असलेलं दुसरं काहीही चालेल.

24 पैकी नऊ चेंडू पुढे पडलेले आणि सरळ होते. त्यातल्या पाचांवर तोल गेला होता, चारांवर चांगला ड्राइव्ह बसला होता. चांगले चार ठेवायचेच. सर्वसाधारण सवय अशी की वाईट चेंडूची एक फ्रेम घ्यायची, शेजारी एखाद्या मोठ्या खेळाडूचं चित्र लावायचं आणि लाल बाण काढायचे. त्या खेळाडूची उंची वेगळी, चेंडू वेगळा, कॅमेऱ्याची जागा तर माहीतच नसते. त्याच मुलाचा, त्याच दिवसाचा, त्याच कॅमेऱ्यातला चांगला चेंडू ही एकच प्रामाणिक तुलना आहे.

आधी गोठवली संपर्काची फ्रेम. मधल्या स्टंपवरून पिवळी उभी रेघ, हेल्मेटच्या टेपवरून खाली लाल रेघ. वाईट चेंडूंवर दोन रेघांमध्ये सरासरी 26 सेंटीमीटर, चांगल्यांवर 12. मागचा पाय टाचेवरून सुटलेला, बॅट पॅडला वळसा घालून येतेय. सगळं नेटमध्ये दिसत होतं तेच. या फ्रेमवर थांबलं तर निदान "डोकं पडतं" एवढंच निघतं आणि उपाय "पाडू नकोस".

मग तोच लाल बिंदू मागे मागे नेत गेलो. पुढचा पाय टेकला ती फ्रेम: वाईट चेंडूंवर डोकं 19 सेंटीमीटर ऑफला, चांगल्यांवर 9. म्हणजे फरकाचा मोठा भाग पाय टेकायच्या आधीच झालेला आहे. आणखी मागे, चेंडू हातातून सुटण्याची फ्रेम. इथे दोन्हींत डोकं जवळपास एकाच जागी, 5 ते 6 सेंटीमीटर. नुसती गोठवलेली चित्रं शेजारी ठेवली असती तर इथे काही फरक नाही असं म्हणून पुढे गेलो असतो.

फरक हालचालीत होता. म्हणून पिवळी रेघ काढून ठेवली आणि फ्रेम न गोठवता तिच्या मागे चित्र संथ चालवलं. चांगल्या चेंडूंवर चेंडू सुटताना टेप रेघेशेजारी स्थिर. वाईट चेंडूंवर तो त्याच जागेवरून सरकत निघालेला. कारण पायांकडे पाहिल्यावर दिसलं. हा मुलगा चेंडूआधी मागचा पाय मागे-आडवा नेतो, ज्याला सगळे ट्रिगर म्हणतात. चेंडू सुटण्याची फ्रेम शून्य धरली, तर चांगल्या चारांवर मागचा पाय शून्याच्या 4 ते 9 फ्रेम आधी टेकला होता. वाईट पाचांवर तो शून्यानंतर 12 ते 20 फ्रेमनी टेकला. म्हणजे चेंडू हातातून निघाला तेव्हा पाय हवेत आणि शरीर अजून ऑफकडे चाललेलं.

पुढचा हिशेब याच्याच मागून येतो. चेंडूचा संपर्क सगळ्या नऊ वेळा 149 ते 153 या फ्रेमदरम्यान. पुढचा पाय चांगल्या चेंडूंवर 121 ते 126 ला टेकला, वाईटांवर 136 ते 141 ला. पाय टेकणं आणि चेंडू लागणं यांत एकीकडे साधारण 27 फ्रेम, म्हणजे 110 मिलिसेकंद, आणि दुसरीकडे फक्त 13, म्हणजे 55 च्या आत. निम्म्याहून कमी वेळ. शरीराचा वेग ऑफकडे असताना पुढचा पाय त्या वेगाला टेकू द्यायला आडवाच पडतो, खडूच्या ऑफ स्टंपच्या रेघेवर, आणि तो सावरायच्या आत चेंडू येतो. डोकं पडत नव्हतं, थांबायला उशीर करत होतं.

ही जुळणी चेंडू सुटण्याच्या फ्रेमवर केली म्हणून दिसली. दोन व्हिडिओ संपर्काच्या फ्रेमवर जुळवायची पद्धत जास्त रूढ आहे, कारण ते चित्र देखणं दिसतं. पण तसं केलं की दोन्हींत शेवट एकत्र येतो आणि उशीर कुठे सुरू झाला ते नजरेतून निसटतं.

बाजूच्या फोनचं काम यात थोडं होतं. वाईट चेंडूंवर पुढच्या पावलाची लांबी कमी, एवढं त्यातून पक्कं झालं. त्यातून बॅटचा कोन मोजायचा मोह टाळला. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगात खाली येणारी बॅट धनुष्यासारखी वाकलेली उमटते. वाकलेल्या बॅटवर सरळ रेघ ठेवून 'कोन 14 अंश' म्हणण्याला काही अर्थ नाही. गुडघ्याचा कोनही पॅडवरून काढू नये. पॅड गुडघ्यावर बसतो, गुडघ्याबरोबर तंतोतंत वाकत नाही.

आणि आपल्या आकड्यांवर आपला किती विश्वास असावा हेही मोजता येतं. एकाच चेंडूची टेपची जागा दोघांनी वेगवेगळी, एकमेकांचं न बघता, तीनदा खूण केली. जास्तीत जास्त फरक दीड सेंटीमीटर आला. पाय टेकण्याच्या फ्रेममध्ये दोन फ्रेमचा फरक आला, कारण बूट टेकतो की चवड्यावर लोळतो हे धूसर असतं. त्यामुळे 2 सेंटीमीटरच्या किंवा 3 फ्रेमच्या आतल्या फरकाबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं. सुटण्याच्या फ्रेममधला 5 विरुद्ध 6 सेंटीमीटरचा फरक त्यातच गेला.

मुलाला दाखवायचा व्हिडिओ दीड मिनिटाचा केला. आधी चांगला आणि वाईट चेंडू खऱ्या वेगाने, प्रत्येकी दोनदा. हे गाळू नये, कारण आठपट संथ चित्रात प्रत्येक फलंदाजाकडे भरपूर वेळ आहे असं वाटतं आणि मुलगा म्हणतो, "मी तर लवकर गेलोय, सर." मग दोन्ही शेजारी, चौपट संथ, वर फ्रेमचा आकडा. गोठवलेली चित्रं फक्त दोन: चेंडू सुटताना, मागच्या बुटाभोवती एक वर्तुळ, आणि पुढचा पाय टेकताना, पिवळी व लाल रेघ. प्रत्येकी चार सेकंद. एका चित्रावर दोनपेक्षा जास्त रेघा नाहीत. खांदे, कोपर, बॅकलिफ्टची दिशा, सगळ्यांवर रेघा मारता आल्या असत्या, आणि मुलाने नेटमध्ये जाऊन त्या सगळ्यांचा एकदम विचार केला असता. संपर्काची फ्रेम मुद्दाम गोठवली नाही.

त्याने वर्तुळाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाय हवेत आहे का?" एक फ्रेम पुढे, एक मागे करून त्याला स्वतःच टेकण्याची फ्रेम शोधायला दिली. डोक्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. सूचना एवढीच की गोलंदाजाचा मागचा पाय शेवटच्या उडीत टेकला की तुझा निघाला पाहिजे. आधी तो गोलंदाजाचा हात वर येण्याची वाट पाहत असे.

दहा दिवसांनी त्याच खडूच्या रेघा, तोच खांब, तेच दोन गोलंदाज. सरळ पुढचे चेंडू आठ मिळाले. सहांवर मागचा पाय शून्याच्या आधी टेकला आणि पुढचा पाय पडताना डोकं 8 ते 11 सेंटीमीटरमध्ये राहिलं. दोनांवर जुनंच चित्र, पाय 10 आणि 14 व्या फ्रेमला. दोन्ही चेंडू एकाच गोलंदाजाचे, ज्याची उडी लांब आहे आणि हात पटकन येतो. आता पुढचं चित्रण फक्त त्याच्यासमोर करायचं आहे, आणि या वेळी गोलंदाजाचा मागचा पाय टेकतो ती फ्रेम शून्य धरून.